दोन परीक्षांचे गुण जोडताना जुनी तारीख पाहा

सोलापुरातून ब्रिटनच्या परिचारिका नियामक संस्थेकडे, म्हणजे एनएमसीकडे, नोंदणी करू पाहणाऱ्या परिचारिकेला आयईएलटीएस अकॅडेमिक या इंग्रजीच्या परीक्षेत श्रवण, वाचन व संभाषणात ७ आणि लेखनात ६.५ गुण लागतात. बहुतेकींचे अडते ते लेखनातच. समजा, पहिल्या वेळी लेखनात ६ आणि बाकी सर्वत्र ७ मिळाले, तर १२ महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा देऊन लेखनात ६.५ मिळवल्यास दोन्ही निकाल एकत्र धरले जातात. मात्र कोणत्याही वेळी लेखनात ६ पेक्षा आणि इतर विभागांत ६.५ पेक्षा कमी गुण चालत नाहीत. निकाल परीक्षेपासून दोन वर्षेच ग्राह्य असल्याने, अर्जाचे वेळापत्रक पहिल्या परीक्षेच्या तारखेवरून आखावे, दुसरीच्या नव्हे.