भास्कराचार्य लिहिण्याआधी कोणते ते ठरवा

गणिताच्या इतिहासावर पहिला निबंध लिहायला घेतलेल्या मुलांच्या चिठ्ठ्यांवर नुसतं ‘भास्कराचार्य’ असतं. तिथेच घात होतो. भास्कर नावाचे गणिती-ज्योतिषी दोन होऊन गेले आणि दोघांमध्ये पाचशे वर्षांहून जास्त अंतर आहे. ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ या खुणा आजच्या अभ्यासकांनी लावलेल्या आहेत. जुन्या टीकांमध्ये त्या सापडणार नाहीत, तिथे फक्त ‘भास्कर’ असतं.

ओळख पटवायची ती आधी ग्रंथावरून. महाभास्करीय, लघुभास्करीय आणि आर्यभटीयावरचं भाष्य पहिल्याचं. सिद्धांतशिरोमणी, त्यातली लीलावती आणि बीजगणित, शिवाय करणकुतूहल हे दुसऱ्याचं. मग त्या ग्रंथात काळ कुठे सांगितलाय ते शोधा. पहिल्याच्या भाष्यात कल्पारंभापासून 1986123730 वर्षं उलटल्याचं म्हटलंय. त्यातले शेवटचे चार आकडे, 3730, ही गत कलिवर्षं. त्यातून 3101 वजा केले की इसवी सन 629 मिळतं. दुसऱ्याने आपला जन्मशक शब्दांत घातलाय, ‘रसगुणपूर्णमही’. रस 6, गुण 3, पूर्ण 0, मही 1. अंक उजवीकडून डावीकडे मांडायचे, म्हणजे शक 1036. त्यात 78 मिळवा, 1114. छत्तिसाव्या वर्षी सिद्धांतशिरोमणी रचल्याचंही तोच सांगतो, म्हणजे 1150. शक आणि इसवी सन एकाच चिठ्ठीवर मिसळू नका.

आता खरा सापळा. इथे सावकाश वाचा, कारण इथे हुशार मुलंही फसतात. ‘ज्येचं हे सूत्र पहिल्या भास्कराचं’ असं एकदा कळलं, की ते सूत्र दिसेल तिथे पहिला भास्कर लिहायचा मोह होतो. महाभास्करीयातलं सूत्र आजच्या भाषेत असं:

```
sin x ≈ 4x(180 − x) / (40500 − x(180 − x))
```

x अंशांत. 30 घालून बघा: वर 18000, खाली 36000, उत्तर नेमकं अर्धं. पण लीलावतीतही वर्तुळाची जीवा काढायचा नियम आहे:

```
जीवा = 4·d·a(c − a) / ((5/4)c² − a(c − a))
```

d व्यास, c परीघ, a कंस. परीघ 360 धरा आणि कंसाच्या जागी 2x लिहा. a(c − a) चे 4x(180 − x) होतात, (5/4)c² चे 162000. वर-खाली चारने भागलं की व्यासाने गुणलेलं तेच वरचं सूत्र उरतं. म्हणजे आशय जुळला म्हणून माणूस जुळत नाही. सूत्र आधी पहिल्याकडे दिसतं, एवढंच म्हणता येतं. तुमच्या हातातल्या टीकाकाराने ते कुठून घेतलं, हे त्याच्या शब्दांवरून आणि त्याने नाव घेतलेल्या ग्रंथावरूनच ठरेल. पूर्णांकी उत्तरं काढायच्या कुट्टक या रीतीचंही तेच, ती दोघांकडे आहे.

त्यापेक्षा दोन गोष्टी जास्त भरवशाच्या. एक, उद्धृत करणाऱ्याचा काळ. शंकरनारायणाची लघुभास्करीयावरची टीका 869 ची. तिथला भास्कर 1114 साली जन्मलेला असूच शकत नाही. दोन, तो कोणाला मानतो. दुसरा भास्कर ब्रह्मगुप्ताला ‘गणकचक्रचूडामणि’ म्हणून गौरवतो, पहिला आर्यभटाच्या परंपरेतला.

बाप आणि गाव बघा, असं मार्गदर्शक सांगतात. बरोबरच आहे, पण अर्धंच. दुसऱ्याचा बाप महेश्वर, गाव सह्याद्रीजवळचं विज्जडविड. पण चाळीसगावजवळच्या पाटणचा जो शिलालेख मुंबईच्या डॉ. भाऊ दाजींनी उजेडात आणला, त्यातल्या वंशावळीत आणखी एक भास्कर आहे: भोजराजाकडून ‘विद्यापति’ पदवी मिळालेला भास्करभट्ट. तो दुसऱ्या भास्कराच्या पाच पिढ्या आधीचा. म्हणून शिलालेखातून नाव उचलताना वडिलांचं नावही त्याच ओळीत उतरवा.

एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात बसलात, तर सूचीत फक्त ‘भास्कर’ शोधून थांबू नका, ग्रंथाच्या नावानेही शोधा. ब्रह्मसूत्रांवर भाष्य करणारा वेदान्ती भास्करही त्याच नोंदींत मिसळलेला असतो. आणि ‘भास्कर-1’, ‘भास्कर-2’ हे 1979 आणि 1981 चे उपग्रह. ते आकडे उपग्रहांच्या क्रमाचे आहेत, 1981 च्या उपग्रहावरून दुसरा भास्कर असा अर्थ काढू नका.

हे सगळं पहिल्यांदा करताना एका चिठ्ठीला अर्धा तास लागतो. घाबरू नका, दहाव्या चिठ्ठीपर्यंत हात बसतो. आणि ग्रंथ, काळ, बाप यांपैकी काहीच सापडलं नाही, तर चिठ्ठीवर ‘भास्कर (अनिश्चित)’ लिहा, शेजारी पान आणि ओळ नोंदवा, आणि ती चिठ्ठी दोन्ही गठ्ठ्यांपासून वेगळी ठेवा. अंदाजाने ‘दुसरा’ लिहिलंत, तर महिन्याभराने तो अंदाज होता हे तुम्हालाच आठवणार नाही.