पंपाला व्हीएफडी बसवण्याआधीची तयारी

व्हीएफडी म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह. तो घेण्याआधी पहिलं काम पंपाजवळ जाऊन डिलिव्हरी व्हॉल्व्ह बघण्याचं. तो पूर्ण उघडा असेल आणि पाणी वर्षभर तेवढंच लागत असेल, तर व्हीएफडीने वाचण्यासारखं फारसं काही नाही. उलट ड्राइव्ह स्वतःच दोन-तीन टक्के वीज खाईल. व्हॉल्व्ह अर्धवट बंद, पण कायम त्याच खुणेवर असेल, तर आधी पंपातलं फिरणारं चाक, म्हणजे इंपेलर, लेथवर टर्न करून लहान करण्याचा विचार करा, ते कितीतरी स्वस्त पडतं. ड्राइव्हचा खरा उमेदवार म्हणजे ज्याचा व्हॉल्व्ह शिफ्टप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे हलवावा लागतो तो पंप. व्हॉल्व्हच्या अलीकडे आणि पलीकडे प्रेशर गेज लावून घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे पैसे देऊन तयार केलेलं आणि तिथेच वाया गेलेलं हेड, म्हणजे पाण्याच्या उंचीच्या मीटरमध्ये मोजलेला दाब.

मग लॉगिंग. पाइपवर बाहेरून बसणारा अल्ट्रासोनिक फ्लो मीटर भाड्याने मिळतो. त्याच्या जोडीला मोटरवर पॉवर ॲनालायझर लावा आणि किमान एक आठवडा, साप्ताहिक सुट्टीसकट, नोंद घ्या. नुसते अँपिअर मोजून भागत नाही, कारण लोड उतरला की पॉवर फॅक्टरही उतरतो आणि अँपिअर फसवे निघतात. आठवड्याची नोंद उन्हाळ्यातली असेल, तर पावसाळा आणि थंडी प्रॉडक्शनच्या रजिस्टरवरून जोडावी लागेल. हाती यायला हवं ते एवढंच: वर्षात किती तास किती प्रवाह.

इथे सरासरी काढायचा मोह होतो, तो टाळा. उदाहरणादाखल कूलिंग वॉटरचा एक पंप घेऊ. पूर्ण प्रवाह ताशी 200 घनमीटर, त्याला लागणारं हेड 40 मीटर. त्यातले 10 मीटर म्हणजे पाणी नुसतं वर चढवण्याची उंची, अर्थात स्टॅटिक हेड. उरलेले 30 घर्षणाचे. पंप वर्षाला 6000 तास चालतो: 1000 तास पूर्ण प्रवाहावर, 2500 तास 80 टक्क्यांवर, 2500 तास 60 टक्क्यांवर. व्हॉल्व्हने प्रवाह कमी केला, तर या तीन टप्प्यांवर मोटर साधारण 31.6, 28.3 आणि 25.1 किलोवॉट ओढते. म्हणजे पाणी 40 टक्क्यांनी घटलं, तरी वीज जेमतेम 20 टक्क्यांनी. वर्षाचे झाले सुमारे 1,65,000 युनिट.

विक्रेत्याच्या कागदावर आता घनाचा नियम येतो, म्हणजे वीज प्रवाहाच्या घनाने घटते: 60 टक्के प्रवाहाला 22 टक्के वीज. त्या हिशेबाने वर्षाला 76,000 युनिट वाचतात. पण हा नियम स्टॅटिक हेड शून्य असतानाच जसाच्या तसा लागू पडतो. आपल्या पंपाला 60 टक्के प्रवाहावर 10 + 30 × 0.6², म्हणजे 20.8 मीटर हेड द्यावंच लागतं. त्यासाठी वेग 60 नव्हे, 70 टक्के ठेवावा लागतो. पंप, मोटर आणि ड्राइव्ह या तिघांची कार्यक्षमता धरून तिथे 10.8 किलोवॉट लागतात, 80 टक्क्यांवर 19.2 आणि पूर्ण प्रवाहावर 32.6, म्हणजे आधीपेक्षा एक किलोवॉट जास्तच. तासांनी गुणून बेरीज 1,07,600 युनिट येते. खरी बचत 57,500 युनिट. युनिटला 8 रुपये धरले तर 4.6 लाख, सहा लाख नव्हे. प्रस्ताव वाईट नाही, पण परतफेडीचा काळ या आकड्यावरूनच काढावा.

याच पंपाला 30 मीटर उंच टाकी भरायची असती, तर? त्याचं शटऑफ हेड, म्हणजे प्रवाह शून्य असतानाचं हेड, 50 मीटर आहे आणि ते वेगाच्या वर्गाने घटतं. 77 टक्के वेगाला ते 30 मीटरच्या खाली जातं, म्हणजे पंप फिरतो आणि पाणी चढतच नाही. टाकी असेल तर चालू-बंद पद्धतच बरी.

ऑर्डरआधी मोटर मेगर करून, म्हणजे तिचं इन्सुलेशन तपासून घ्या. जुन्या वाइंडिंगला ड्राइव्हच्या व्होल्टेजचे टोकदार झटके सोसत नाहीत आणि केबल लांब असेल तर ते आणखी वाढतात. तिथे आउटपुट चोक मागा. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये जुना स्टार-डेल्टा स्टार्टर किंवा कपॅसिटर राहता कामा नये. मोटर 415 व्होल्ट डेल्टाची असेल, तर टर्मिनल बॉक्समध्ये कायम डेल्टातच जोडायची.

सर्वांत जास्त बचत बुडते ती प्रेशर ट्रान्समीटरच्या जागेमुळे. तो पंपाच्या तोंडाशी बसवून 40 मीटरचा सेटपॉइंट दिला, की ड्राइव्ह कमी प्रवाहालाही 40 मीटरच राखतो आणि वेग उतरतच नाही. ट्रान्समीटर लाइनच्या दूरच्या टोकाला लावा, किंवा कूलिंग वॉटर असेल तर सरळ परतीच्या तापमानावर चालवा. चालू केल्यावर जुना व्हॉल्व्ह पूर्ण उघडून त्याचं चाक काढून ठेवा. ऑपरेटरचा हात सवयीने तिकडे जातोच.