रात्रीच्या फॉर्म्युला दुधाची तयारी

बाळ रात्री तीनला उठणार हे ठरलेलंच, म्हणून तयारी झोपण्यापूर्वीच करायची. पण दूध मात्र आधी कालवून ठेवायचं नाही. डब्यातली पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात क्वचित क्रोनोबॅक्टरसारखे जंतू असू शकतात. कोरड्या पावडरीत ते नुसते पडून राहतात, कोमट दुधात भराभर वाढतात. दोन महिन्यांच्या आतल्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना त्यांचा धोका सर्वांत जास्त.

आधी बाटल्या. दूध संपलं की लगेच सगळे भाग सुटे करून साबणाच्या गरम पाण्यात ब्रशने घासा. निपल उलटं करून आतूनही घासायचं, कारण साय चिकटते ती तिथेच. मग स्वच्छ पाण्याने धुऊन झाकणाच्या पातेल्यात उकळा. भाग पूर्ण बुडालेले हवेत आणि आत हवेचा बुडबुडा अडकलेला नको, नाहीतर तेवढी जागा तशीच राहते.

आता पाणी. खळखळ उकळलेलं पाणी लगेच चांगल्या थर्मासमध्ये काठोकाठ भरून घट्ट बंद करा. पावडरीवर पडताना ते निदान 70 अंश सेल्सियस हवं, कारण जंतू मरतात ते या उष्णतेने. पाणी उकळून गार केलं आणि मग पावडर घातली, तर पाणी शुद्ध असलं तरी पावडरीतले जंतू जिवंतच राहतात. ही चूक अगदी काळजीवाहू घरांतही होते. थर्मास किती वेळ टिकतो, ते एकदा रात्रभर ठेवून थर्मामीटरने पाहा. 70 च्या खाली जात असेल तर तीनला पाणी नव्यानेच उकळा.

तीन वाजता हात साबणाने धुवा. समजा 90 मिलि दूध हवंय आणि डब्यावर 30 मिलिला एक चमचा लिहिलंय. तर आधी 90 मिलि गरम पाणी, मग डब्यातल्याच चमच्याने तीन सपाट चमचे. चमचा दाबून भरू नका, आणि पाणी वाढवून दूध पुरवूही नका. बाटली बंद करून हलवा, मग वाहत्या नळाखाली धरून गार करा. बुचापर्यंत पाणी येऊ देऊ नका. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहा, तो कोमट लागला पाहिजे. मायक्रोवेव्ह नकोच, त्यात दूध कुठे गार तर कुठे चटका देणारं होतं.

बाळ 40 मिलि पिऊन झोपलं, तर उरलेलं ओतून द्या. जीव हळहळतो, पण बाळाची लाळ दुधात गेलेली असते, आणि असं दूध फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा द्यायचं नसतं. तोंड न लावलेलं दूधही बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. आधी करून ठेवणं टळतच नसेल, तर लगेच गार करून 5 अंशांच्या आत, फ्रिजच्या दारात नव्हे तर आतल्या कप्प्यात ठेवा आणि 24 तासांत संपवा.