भाषांतराच्या ऑफिसला नाव ठेवताय? या चुका टाळा

सोलापुरात भाषांतराचं ऑफिस टाकलं की दारात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशी चारही भाषांची माणसं येतात. तरी नाव ठेवताना लोक एकाच भाषेत विचार करतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे हिंदीतला शब्द तसाच उचलणं. एक तरुण माझ्याकडे आला, 'सटीक अनुवाद केंद्र' अशी पाचशे कार्डं छापून. हिंदीत सटीक म्हणजे अचूक. पण कोर्टातल्या एका ज्येष्ठ वकिलांनी कार्ड बघून सांगितलं, "बाळा, मला खरेदीखताचं भाषांतर हवंय, त्यावर टीका नकोय." त्यांचं बरोबर होतं. मराठीत सटीक म्हणजे टीकेसह, सटीक ज्ञानेश्वरी म्हणतो तसं. दस्ताच्या भाषांतरात पदरचं अक्षर घालायचं नसतं, आणि नाव नेमकं उलटं सांगत होतं.

घाईत त्याने दुसरं नाव काढलं, 'अर्थसेतू'. मी ते एका चिठ्ठीवर लिहून पूर्व भागातल्या ओळखीच्या तेलुगू अण्णांना दाखवलं, काही न सांगता. ते म्हणाले, "पतसंस्था आहे का?" अर्थ म्हणजे पैसाही, हे आम्ही दोघंही विसरलो होतो. शेवटी 'शब्दार्थ अनुवाद' ठरलं. कन्नडमध्ये शब्दार्थ, तेलुगूत शब्दार्थम्, हिंदीत शब्दार्थ, सगळीकडे अर्थ एकच. उर्दूवाल्यांसाठी पाटीवर खाली 'तर्जुमा' हा शब्द घातला, कारण ते भाषांतराला तेच म्हणतात.

चिठ्ठीची ही सवय मी सोडत नाही. चार भाषांच्या चार माणसांना नाव मोठ्याने वाचायला लावतो आणि विचारतो, इथे काय मिळत असेल? घरच्यांना विचारून उपयोग नाही, त्यांना आधीच माहीत असतं.

दुसरी चूक 'ज्ञ'ची. 'भाषाज्ञ' छान दिसतं, पण आपण 'द्न्य' म्हणतो, हिंदीवाला 'ग्य' म्हणतो, कर्नाटकातला 'ज्ञ' आणखी वेगळा. फोनवर ईमेल सांगितला की कुणी dnya टाइप करतं, कुणी gya, कुणी jna, आणि कागद पोचतच नाहीत. म्हणून नाव फोनवर सांगून समोरच्याला टाइप करायला लावा. 'शब्दार्थ'लाही शेवटी a लावणारे निघाले, तेव्हा shabdarth आणि shabdartha असे दोन्ही ईमेल घेतले.

'राष्ट्रीय', 'सरकारमान्य' असले शब्द लावूच नका. सरकारचा आधार भासवणाऱ्या नावांवर 1950 च्या कायद्याने बंधन आहे.

ट्रेडमार्क भाषांतरासाठी वर्ग 41 मध्ये मागायचा असतो, पण नुसतं कामाचं वर्णन करणारं नाव सहसा मिळत नाही. 'सोलापूर भाषांतर केंद्र' घेऊन अर्ज करू नका.

पाटीवर कन्नड, तेलुगू जरूर लिहा, पण मराठी अक्षरं त्यांच्यापेक्षा लहान नकोत, 2022 पासून तसा नियम आहे. आणि पेंटरला कन्नड-तेलुगू मजकूर देताना त्या त्या भाषेच्या माणसाला शेजारी उभं करा. दोन्ही लिप्या इतक्या सारख्या दिसतात की तेलुगू ओळीत कन्नड अक्षर गेलेलं मराठी डोळ्याला कळत नाही.