बीपीच्या नोंदींचा फोटो उडाला? मशीनच्या मेमरीतून तारखा परत कशा लावायच्या

वहीचं पान फाटलं किंवा भिजलं, त्याचा फोटो होता तोही फोनमधून उडाला आणि आता डॉक्टरांना दाखवायला काहीच नाही, अशा वेळी घरोघरी एकच सल्ला मिळतो, "अंदाजे लिहून टाक ना, एकशेतीसच्या आसपासच तर असतं." हा सल्ला देणाऱ्याला वही बिलकुल हातात देऊ नका. मशीनमध्ये आकडे बहुतेक वेळा असतातच, फक्त ते बाहेर काढून योग्य तारखेला बसवायचे असतात.

आधी सोपं ते बघून घ्या. फोनच्या गॅलरीत डिलीट केलेले फोटो साधारण ३० दिवस कचरापेटीत पडून असतात, आणि फोटो कधी कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवला असेल तर त्या माणसाच्या फोनमध्ये तो असू शकतो. सापडला तर विषय संपला.

नाही सापडला तर मशीन घ्या, पण त्याला हात लावण्याआधी तीन गोष्टी करायच्या नाहीत. सेल काढायचे नाहीत, घड्याळ बरोबर करायचं नाही, आणि "चालतंय का बघू" म्हणून नवीन बीपी मोजत बसायचं नाही, कारण मेमरी भरलेली असेल तर प्रत्येक नवीन रीडिंगला सगळ्यात जुनं एक रीडिंग पुसलं जातं. घड्याळाचं का ते खाली येतंयच.

मेमरीचं बटण दाबून एकेक रीडिंग उतरवा. वरचा आकडा, खालचा आकडा, पल्स, आणि मशीन जी दाखवतं ती तारीख-वेळ, चुकीची दिसली तरी तशीच. बऱ्याच मशीनमध्ये बटण दाबल्यावर पहिल्यांदा सरासरी येते, कोपऱ्यात AVG किंवा नुसतं A असं काहीतरी असतं, ते रीडिंग नव्हे, ते नोंदीत घेऊ नका. दोन जणांचं मशीन असेल तर कोणाचं खातं उघडलंय तेही बघा.

आता खरी डोकेदुखी, तारखा. सेल बदलले की बहुतेक मशीनमधले आकडे राहतात पण घड्याळ परत १ जानेवारीला जाऊन बसतं, आणि ते नीट लावायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो. मग मार्चमधली रीडिंग्ज मशीनमध्ये जानेवारीची म्हणून पडलेली असतात. लोक इथे घाबरून आधी घड्याळ बरोबर करतात आणि सगळा घोळ तिथेच होतो, कारण मशीनचं घड्याळ नेमकं किती मागे होतं हे कळायचा सगळ्यात पक्का पुरावा ते चुकलेलं घड्याळच असतं. जुन्या रीडिंगच्या तारखा काही आपोआप सुधारत नाहीत, त्या आहेत तशाच राहतात, पुरावा तेवढा जातो.

म्हणून एक काम करा. मशीनचं घड्याळ आत्ता काय दाखवतंय ते आणि फोनवर आत्ता काय वाजलंय ते शेजारी शेजारी लिहा. समजा मशीन म्हणतंय ९ जानेवारी, सकाळी ६:४०, आणि खरं आहे २१ मार्च, सकाळी ७:१५. म्हणजे मशीन इतके दिवस अधिक ३५ मिनिटं मागे आहे. किती दिवस ते मोजायची गरजच नाही, जानेवारी-फेब्रुवारी-मार्चचे दिवस बोटांवर मोजायला गेलात की फेब्रुवारीत चुकताच. त्यापेक्षा आजपासून मागे जा. मेमरीत एक रीडिंग आहे ४ जानेवारी, रात्री ८:१०. मशीनच्या आजच्या ९ तारखेच्या हे पाच दिवस मागे, म्हणजे खऱ्या २१ मार्चच्याही पाच दिवस मागे, १६ मार्च, आणि वेळेत ३५ मिनिटं मिळवली की रात्री ८:४५. बस. प्रत्येक रीडिंगला हेच. फक्त मध्यरात्रीच्या जवळच्या रीडिंगला जपा, मशीनवर ७ जानेवारी रात्री ११:४० असेल तर ३५ मिनिटं मिळवल्यावर ते रात्री १२:१५ होतं, म्हणजे तारीख १९ मार्च नाही, २० मार्च.

मेमरीत मागे मागे जाताना तारखा ९, ८, ७ अशा उतरत १ जानेवारीपर्यंत आल्या आणि त्यानंतर एकदम २३ जानेवारी दिसली, तर सेल मध्ये परत एकदा बदलले होते असं समजा. त्या आधीच्या रीडिंगला आजचा फरक लावायचा नाही, तो लागूच होत नाही. तिथे एक तरी रीडिंग बाहेरून पक्कं सापडायला हवं. बहिणीला पाठवलेला मेसेज, "आईचं आत्ता १४८/९२ आलं, पल्स ८८", हा असला तर सोनं आहे. तिन्ही आकडे मेमरीत एका जागी जुळले की मेसेजची तारीख-वेळ त्या रीडिंगची, आणि बाकीची तिच्यापासून पुढेमागे मोजायची. नुसता वरचा आकडा जुळला म्हणून खूश होऊ नका, १४८ तर महिन्यातून चारदा येतं, पल्ससकट जुळलं पाहिजे. काहीच सापडलं नाही तर आकडे लिहा, तारखेची जागा कोरी ठेवा.

आता ते "अंदाजे" प्रकरण. घरी मोजलेल्या बीपीची सीमा बऱ्याच ठिकाणी १३५/८५ धरतात, दवाखान्यातल्या १४०/९० पेक्षा कमी, आणि डॉक्टर एक रीडिंग बघून नाही तर सरासरी बघून ठरवतात. समजा सहा रीडिंग आहेत: १३८/८६, १३४/८४, १३१/८३, १३६/८८, १३३/८२, १३७/८७. सरासरी येते जवळपास १३५/८५, बरोबर सीमेवर. आणि "एकशेतीसच्या आसपास" लिहिणारा माणूस सहाही वेळा १३०/८० लिहितो, सरासरी १३०/८०, सगळं छान. गोळी वाढवायची की नाही हा प्रश्नच डॉक्टरांसमोर येत नाही. मशीनचीही थोडी चूक असतेच की, असं कोणीतरी म्हणेल, पण मशीन कधी थोडं वर कधी थोडं खाली चुकत असेल तर ते सरासरीत बरंचसं भरून निघतं, माणूस मात्र दरवेळी एकाच बाजूला ढकलतो, ते भरून निघत नाही.

शुगरच्या मीटरला तारखांची पद्धत हीच. तिथे ७० च्या खाली शुगर कमी धरतात, त्यामुळे ६८ ला "सत्तर" लिहिलं की कमी झालेली शुगर कागदावरून गायबच होते. शिवाय उपाशीपोटी की जेवणानंतर ही खूण तुम्ही तेव्हा केली नसेल तर मीटरला माहीत नसते, ती दुरुस्त केलेल्या वेळेवरूनच लावायची, म्हणून आधी तारीख-वेळ, मग खूण. सकाळी ७ चं रीडिंग बहुधा उपाशीपोटीचं, पण दुपारी ३ चं जेवून किती वेळाने घेतलं ते आठवत नसेल तर "माहीत नाही" लिहा.

नुसत्या आठवणीतली रीडिंग वेगळ्या रंगाच्या पेनाने लिहा आणि सरासरीत धरू नका. नवीन पानावर वरती "मशीनच्या मेमरीवरून, तारखा दुरुस्त केलेल्या" एवढं लिहा, घड्याळातला फरकही लिहून ठेवा, म्हणजे कोणाला शंका आली तर एखादं रीडिंग तपासता येतं. एवढं सगळं कागदावर उतरल्यावरच मशीनचं घड्याळ बरोबर करा.