अंड्याविना तिरामिसू: मलई फाटू न देण्याची रीत

मूळ इटालियन तिरामिसूमध्ये मलईला अंगधरपणा येतो तो साखरेसोबत फेटलेल्या अंड्याच्या बलकामुळे. बलक वगळला की सगळा भार मस्कारपोने चीज आणि फेटलेल्या क्रीमवर पडतो, आणि बिनअंड्याचा तिरामिसू बिघडतो तो बहुधा इथेच.

आठ-नऊ जणांसाठी 250 ग्रॅम मस्कारपोने, 250 मिली व्हिपिंग क्रीम आणि 60 ग्रॅम पिठीसाखर घ्यावी. क्रीममध्ये किमान 35 टक्के स्निग्धांश हवा. 25 टक्क्यांचे साधे फ्रेश क्रीम कितीही फेटले तरी उभे राहत नाही. मस्कारपोनेऐवजी चक्का वापरा, असा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याने कॉफीचे श्रीखंड होते, तिरामिसू नव्हे.

लेडीफिंगर बिस्किटांत बहुधा अंडे असते, म्हणून बिनअंड्याच्या स्पंज केकच्या बोटभर जाड पट्ट्या ओव्हनमध्ये 150 अंशांवर वीस मिनिटे वाळवून घ्याव्यात. चार चमचे इन्स्टंट कॉफी 300 मिली गरम पाण्यात विरघळवून पूर्ण थंड करावी. मद्याऐवजी रमचा इसेन्स मुळीच घालू नये; कडक कॉफी पुरेशी आहे.

आता मलई. पंचवटीतल्या आमच्या घरी एका केळवणाच्या दिवशी, ऐन वैशाखातल्या दुपारी, मी फ्रिजमधले घट्ट मस्कारपोने थेट क्रीममध्ये टाकून बीटर चालवला. गुठळ्या मोडाव्यात म्हणून फेटत राहिले आणि दोन मिनिटांत भांड्याच्या कडेला पाणी सुटले. ताक घुसळताना लोणी वर यावे तसेच ते झाले होते आणि तिथून ते मागे फिरवता आले नाही.

तेव्हापासून मी दोन्ही वेगवेगळे तयार करते. मस्कारपोने दहा मिनिटे बाहेर ठेवून त्यात पिठीसाखर चमच्यानेच घोटावी. त्याला बीटर लावूच नये. क्रीम, भांडे आणि बीटरची पाती मात्र गार हवीत. उन्हाळ्यात मी भांडे बर्फाच्या परातीत ठेवते. क्रीमवर उमटलेली रेघ टिकू लागली आणि पाते उचलल्यावर टोक किंचित वाकले की थांबावे. मग आधी दोन चमचे क्रीम मस्कारपोनेत मिसळून ते सैल करावे आणि उरलेले तीन वेळा हलक्या हाताने, खालून वर घेत कालवावे. मिश्रणाची चकाकी जाऊन ते रवाळ दिसू लागले, तर तत्क्षणी हात थांबवून दोन चमचे न फेटलेले गार क्रीम घालावे. पाणी सुटण्यापूर्वी एवढ्याने ते सावरते.

वाळवलेल्या पट्ट्या कॉफीत बुडवून लगेच काढाव्यात, त्यांवर मलई पसरावी आणि असाच दुसरा थर द्यावा. आठ तास फ्रिजमध्ये ठेवावे. कोको पावडर पाने वाढायच्या वेळीच चाळावी, कारण आधी चाळली तर ती ओलावून काळपट पडते.