नॉन-रिकोर्सवर बिल विकताय? आधी पार्टीकडून हे लिहून घ्या

मकरपुऱ्यात आमचं छोटं वर्कशॉप आहे, 4 लाखांचं बिल फॅक्टरला, म्हणजे बिल विकत घेऊन आधी पैसे देणाऱ्या कंपनीला, नॉन-रिकोर्सवर दिलं, 80 टक्के लगेच मिळाले, मग माल घेणाऱ्या पार्टीने 60 हजारांचे पीस रिजेक्ट केले आणि फॅक्टरने ते आमच्या उरलेल्या पैशातून कापले. नॉन-रिकोर्समध्ये पार्टी बुडाली तरच रिस्क फॅक्टरची, मालाचा वाद आपल्याच गळ्यात, कारण पैसे न देण्याचं जे कारण पार्टी आपल्याला सांगू शकते तेच फॅक्टरलाही सांगू शकते.

म्हणून आता:
1. इन्स्पेक्शन होऊ द्या, पार्टीने कपातीसाठी काढलेल्या जुन्या डेबिट नोट आधी मिटवा.
2. मेलवर घ्या: "माल मंजूर, एवढी रक्कम देणं, कपात नाही."
3. मगच बिल विका.

आणि हो, बिल फॅक्टरला विकल्याची नोटीस पार्टीला गेल्यावर तिने चुकून आपल्याला पैसे दिले तर वापरू नका, ते फॅक्टरचेच.